‘आम्ही’चे ‘मी’ होताना

निपाणीजवळच्या एका महाविद्यालयाच्या कबड्डी संघाला नऊ वर्षे शिकवलेले एक गृहस्थ गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले. कागलच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळी-पर्यवेक्षकाची जागा होती आणि तिच्यासाठी त्यांना इंग्रजीत आपला परिचय लिहून द्यायचा होता. शहरातील कोणा व्यावसायिकाकडून त्यांनी तो लिहून घेतला होता. आम्ही फक्त इंग्रजी तपासावे, एवढीच त्यांची अपेक्षा. कागदावरच्या तीन ओळींचा आशय असा: ‘कठोर शिस्त राबवली. उच्च कामगिरी करणाऱ्या संघाचे नेतृत्व केले. विद्यापीठ स्तरावर उपविजेतेपद मिळवून दिले.’ व्याकरणाची एकही चूक नव्हती. तरीही सही करायला कागद पुढे आला असता, तर आमचा हात अडखळला असता.

आमचे आयुष्य सरकारी कागदांत गेले. खेळाडूंसाठी राखीव जागांवर भरती करताना केंद्र सरकार जे प्रमाणपत्र मागते, त्याचे ठरीव नमुने आहेत. देशाकडून खेळलेल्याला एक, राज्याकडून खेळलेल्याला दुसरा, विद्यापीठाकडून खेळलेल्याला तिसरा, शालेय राष्ट्रीय स्पर्धेसाठी चौथा. विद्यापीठाच्या नमुन्यावर क्रीडा विभागाच्या अधिकाऱ्याची सही लागते, राज्याच्या नमुन्यावर संघटनेच्या सचिवाची. स्पर्धा कोणती, कधी झाली, स्थान कितवे आले, एवढे सरकारला कळले की पुरे. मैदानावर त्या माणसाने नेमके काय केले, हे सरकार कधीच विचारत नाही. बारा जणांच्या संघात जो एकदाही मैदानात उतरला नाही, त्याचाही कागद तितकाच वजनदार असतो. उलट कागल, इचलकरंजीकडच्या निमंत्रित सामन्यांत रात्री दिव्यांच्या उजेडात कोणी जिवाची बाजी लावली असेल, तर ती सरकारदरबारी शून्य.

खासगी कंपनीची रीत नेमकी उलटी. तिला सही नको असते, तुम्ही काय केले ते हवे असते. मुलाखत घेणारे प्रसंग विचारतात, त्यातली तुमची जबाबदारी विचारतात, तुम्ही उचललेले पाऊल आणि त्याचा परिणाम विचारतात. प्रश्न रास्त आहे. अडचण एवढीच, की उत्तर ‘मी’ने सुरू व्हावे लागते, आणि कबड्डीपटूच्या तोंडी तो शब्द सहज येत नाही. तो ‘आम्ही जिंकलो’ म्हणतो. (आम्हीही ‘आम्ही’ लिहितो, पण ती कार्यालयीन खोड, तिच्यामागे सात गडी नाहीत.) तेव्हा ‘आम्ही’चे ‘मी’ करताना त्यातले किती आपले म्हणावे, हा नीतीचा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

खाशाबा जाधव यांचे उदाहरण येथे आठवते. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ‘वैयक्तिक’ हा शब्द नोंदवहीसाठी बरोबरच आहे. पण त्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते, हे पदकावर कोरलेले नाही. आखाड्यातली झुंज मात्र खाशाबांची एकट्याची, त्यामुळे तेथे ‘मी’ म्हणण्याचा अधिकार निर्विवाद. प्रशिक्षकाचे तसे नाही. तो रेषेबाहेर बसतो. एकही चढाई त्याची नसते, एकही पकड त्याची नसते. ‘उपविजेतेपद मिळवून दिले’ या वाक्यातले क्रियापदच त्याच्या मालकीचे नाही.

मग त्याच्या मालकीचे काय? आम्ही त्यांना इंग्रजी बाजूला ठेवून मराठीत बोलते केले. शिस्त म्हणजे नेमके काय केले, असे विचारले. ते ओशाळून म्हणाले, “खरं सांगू साहेब, कडक असा मी नव्हतोच.” सुरुवातीला सराव पहाटे साडेपाचला असे. बारापैकी सात-आठच मुले येत. उशीर करणाऱ्याला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावून पाहिले. ती मुले येईनाशी झाली. चौकशी केली तेव्हा कळले, की चौघे पहाटे दूध घालायला जातात आणि एक जण वडिलांबरोबर भाजीच्या लिलावाला. त्यांनी सराव संध्याकाळी सातला नेला, हजेरीची वही कर्णधाराकडे दिली, आणि दोन महिन्यांत अकरा मुले नियमित दिसू लागली. कारखान्याला पाळ्या लावणारा माणूस हवा होता. ‘कठोर शिस्त’ या दोन शब्दांनी नेमकी तीच गोष्ट झाकून टाकली होती, शिवाय जे खरे नव्हते ते सांगितले होते.

उपविजेतेपदाचेही तसेच. स्पर्धेत नऊ संघ होते. पहिल्या फेरीत यांना पुढे चाल मिळाली, म्हणजे अंतिम फेरीपर्यंत दोनच सामने जिंकावे लागले, आणि त्यांपैकी एकात समोरचा संघ सहाच गड्यांनिशी उतरला होता. हे सारे लिहावे असे आम्ही म्हणत नाही. पण ‘नऊ संघांत’ हे दोन शब्द लिहिले, की वाचणाऱ्याला मोजमाप मिळते. ‘विद्यापीठ स्तरावर’ म्हटले, की त्याच्या डोळ्यांपुढे पन्नास संघ उभे राहतात. खोटे काहीच नाही, तरी फसवणूक आहे.

अंतिम सामन्याची हकिकत तर त्यांनी निघता निघता सांगितली. मध्यंतराला संघ तीन गुणांनी पुढे होता. भरवशाच्या चढाईपटूचा गुडघा सुजलेला दिसला. मुलगा खेळतो म्हणत होता, बाकीचेही आग्रह करत होते. यांनी त्याला बाहेर बसवले. सामना पाच गुणांनी गेला, आणि महाविद्यालयात कितीतरी दिवस यांना बोल लावला गेला. व्यावसायिक लेखकाने हा प्रसंग, पराभवाचा म्हणून, गाळून टाकला होता. आमच्या मते अख्ख्या नऊ वर्षांत निर्भेळ ‘मी’ म्हणावे असे वाक्य ते एकच होते: मी त्याला बाहेर बसवले.

एक मर्यादा मात्र आम्ही त्यांना बोलून दाखवली. खेळायला येणारा मुलगा हौसेने येतो; कामगार पोटासाठी येतो. खेळाडूला बाहेर बसवले, तर त्याचा एक सामना बुडतो; कामगाराला बसवले, तर घरातली चूल बसते. म्हणून ‘संघ चालवला, तशीच पाळी चालवीन’ हे वाक्य आम्ही खोडले. ते थोडे नाराज झाले. “मग लिहायचं तरी काय?” म्हणाले. जे केले ते लिहावे आणि त्यावरून काय जमेल ते कारखान्याने ठरवावे, एवढेच आम्ही सुचवले.

नवा मजकूर जुन्याहून लांब झाला आणि दिसायला साधा. त्यात सरावाची वेळ बदलल्याचे होते, नऊ संघांतले उपविजेतेपद होते, आणि गुडघ्याचा प्रसंगही होता. तो लिहून झाल्यावर त्यांनाच शंका आली, की गुडघा आपला नव्हे. ज्याचा आहे त्याला विचारायला हवे. आमच्या समोरच त्यांनी फोन लावला. तो मुलगा आता बेळगावात नोकरीला आहे. मजकूर ऐकून घेऊन तो म्हणाला, “लिहा की सर. फक्त तो डावा नव्हता, उजवा होता.”