चार-पंचमांश सँड प्लांट कोणत्या दुकानात मिळतो?

मागच्या बाकावरची कुजबुज आधी थांबवा. पेपर नंतर वाटतो. गुण किती पडले याची उत्सुकता दिसतेय, पण ते का गेले हे आधी ऐकावं लागेल, आणि उभं करून ऐकवायची वेळ कुणी माझ्यावर आणू नये.

प्रश्न कठीण नव्हता. कोल्हापूरची एक फाउंड्री, तिच्यापुढे चार प्रस्ताव. नव्या इंडक्शन फर्नेसला ६० लाख लागणार, आणि तिच्यातून पुढे येणाऱ्या रोख रकमांचं आजचं मूल्य ८४ लाख. वापरलेली वाळू पुन्हा वापरायचा सँड प्लांट ५० लाखांचा, आवकेचं आजचं मूल्य साडेसहासष्ट लाख. व्हीएमसी मशीन ५० लाखांचं, आवक ६५ लाख. छतावरचं सोलर ३० लाखांचं, आवक ३३ लाख. चौघांची बेरीज १ कोटी ९० लाख, आणि मालकाकडे यंदा फक्त १ कोटी. कुठे घालायचा?

नफाक्षमता निर्देशांक, तुमच्या भाषेत पीआय, काढायला सगळ्यांना जमलं. आवकेचं आजचं मूल्य भागिले सुरुवातीचा खर्च. फर्नेस १.४०, सँड प्लांट १.३३, व्हीएमसी १.३०, सोलर १.१०. एवढा भागाकार दहावीचा मुलगा करतो. त्याच्यासाठी मी तुम्हाला एम.कॉम.च्या वर्गात बसवलेलं नाही.

आता अकलेचे तारे पाहू. पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्यांनी आवकेच्या जागी निव्वळ वर्तमान मूल्य घेतलं. फर्नेसचे २४ लाख भागिले ६० लाख, म्हणजे ०.४०. ही पद्धत चूक नाही. क्रम तोच येतो, कारण प्रत्येक आकड्यातून एक वजा झाला इतकंच. पण पुढच्याच ओळीत यांनी लिहिलं, ‘पीआय एकापेक्षा कमी असल्याने प्रस्ताव नाकारावा.’ २४ लाखांची भर घालणारी भट्टी यांनी एका ओळीत भंगारात काढली! अरे, एक आधीच वजा केलास, तर तुलना शून्याशी करायची की एकाशी? अर्धा नियम या पुस्तकातला, अर्धा त्या पुस्तकातला, आणि विचार दोन्हीकडे नाही.

दुसरी चूक याहून वाईट, कारण ती करणारे स्वतःला हुशार समजतात. प्रश्नाखाली तळटीप होती. फर्नेसची कॉइल आणि पॅनेल यांचं मोठं काम तिसऱ्या वर्षी निघणार, त्याचं आजचं मूल्य १५ लाख, आणि ते वजा करूनच ८४ लाखांचा आकडा दिलेला आहे. काही जणांना वाटलं, खर्च म्हणजे खर्च, तो खालीच गेला पाहिजे. मग त्यांनी वर १५ मिळवले, खालीही १५ मिळवले. ९९ भागिले ७५, उत्तर १.३२. निव्वळ वर्तमान मूल्य तेच राहिलं, २४ लाख. एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. पण फर्नेस पहिल्या क्रमांकावरून सँड प्लांटच्या खाली घसरली. फाउंड्रीत काही बदललं का? काहीच नाही. फक्त तुमच्या वहीत आकडा वरून खाली गेला.

म्हणून छेदात काय घालायचं हे मनाला येईल तसं ठरत नाही. छेदात जातो फक्त तो पैसा, जो तुटपुंजा आहे. इथे तुटपुंजा आहे यंदाचा १ कोटी. त्या थैलीतून जे जाईल ते खाली. तिसऱ्या वर्षीच्या पैशावर प्रश्नात मर्यादा नाही, तेव्हाचा खर्च धंद्याच्या तेव्हाच्या आवकेतून निघेल, म्हणून तो आवकेतून वजा होऊन वरच राहणार. उलट, सुरुवातीलाच कच्च्या मालात अडकणारं खेळतं भांडवल यंदाच्याच थैलीतून जातं, तर ते खाली आलंच पाहिजे. पीआय म्हणजे अडचणीच्या एका रुपयामागे किती मिळतं याचं माप. कोणता रुपया अडचणीचा, हे न विचारता भागाकार करणाऱ्यानं नुसती रेघ मारलेली असते.

कुणी विचारेल, तिसऱ्या वर्षीही पैसा मोजकाच असेल तर? विचारलं कुणीच नाही, पण सांगतो. तेव्हा अडचणीचे रुपये दोन प्रकारचे होतात, आणि एका छेदात दोन मर्यादा मावत नाहीत. जेम्स लोरी आणि लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९५५ साली हाच पेच मांडला होता, आणि १९६३ मध्ये वाइनगार्टनरनं तो रेषीय प्रोग्रॅमिंगच्या चौकटीत बसवून दाखवला. असा प्रश्न आला की पीआयची यादी बाजूला ठेवायची आणि प्रत्येक वर्षाची मर्यादा वेगळी मांडायची. हा भाग पुढच्या महिन्यात शिकवीन. आजचं पचलं तर.

आता मुख्य अपराध. बहुतेकांनी उतरत्या क्रमानं यादी लावली आणि वरून उचलायला सुरुवात केली. फर्नेस घेतली, ६० लाख गेले, ४० उरले. सँड प्लांटला ५० हवेत, बसत नाही. व्हीएमसीलाही ५०, तेही बसत नाही. सोलर बसलं. एकूण भर २४ अधिक ३, म्हणजे २७ लाख. १० लाख नुसते पडून. खाली दोन रेघा मारून ‘उत्तर’ लिहिलं आणि पेन ठेवलं.

याच्या पलीकडे एक टोळी आहे. तिनं फर्नेस पूर्ण घेतली आणि उरलेल्या ४० लाखांत ‘सँड प्लांटचा चार-पंचमांश भाग’ घेतला. उत्तर ३७.२ लाख. मला सांगा, चार-पंचमांश सँड प्लांट कोणत्या दुकानात मिळतो? चाळणी घ्यायची आणि हॉपर पुढच्या वर्षी आणायचा? प्रश्नात स्पष्ट लिहिलं होतं, ‘प्रस्ताव अविभाज्य आहेत.’ तो शब्द मी शोभेला टाकला नव्हता. चौघांत तुकडे पडू शकले तर एकट्या सोलरचे पडतील, आणि तिथेही पॅनेल निम्मे केले म्हणून सांगाड्याचा आणि जोडणीचा खर्च निम्मा होत नाही.

पीआयचा क्रम आपोआप बरोबर ठरतो तो प्रस्ताव हवे तसे कापता येत असतील तेव्हा. मग वरचा प्रस्ताव भरत जायचा आणि शेवटच्याचा तुकडा घेऊन थैली नेमकी रिकामी करायची. प्रस्ताव पुष्कळ असतील आणि प्रत्येक जण एकूण रकमेच्या मानानं लहान असेल, तरी चालतं, कारण शेवटी उरणारी रक्कम क्षुल्लक असते. इथे तसं आहे का? एकेक प्रस्ताव थैलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, नाहीतर निम्मा किंवा त्याहून जास्त भाग खातो. ट्रंकेत सामान भरताना सर्वांत आवडती वस्तू आधी कोंबली आणि बाकीचं बाहेर राहिलं, तर दोष ट्रंकेचा नसतो.

मग करायचं काय? जोड्या मांडायच्या. चार प्रस्तावांच्या जोड्या सहाच होतात. फर्नेस आणि सँड प्लांट, १ कोटी १० लाख, बाद. फर्नेस आणि व्हीएमसी, तेवढेच, बाद. फर्नेस आणि सोलर, २७ लाखांची भर. सँड प्लांट आणि सोलर, साडेएकोणीस. व्हीएमसी आणि सोलर, अठरा. सँड प्लांट आणि व्हीएमसी, बरोबर १ कोटी, आणि भर साडेएकतीस लाख. तिघांचा कोणताही गट थैलीत मावत नाही. संपलं. पाच मिनिटांचं काम होतं. यादीतला पहिला नंबर बाहेर बसवून दुसरा आणि तिसरा मिळून साडेचार लाख जास्त आणतात, हे तुमच्यातल्या मोजक्यांनाच दिसलं.

‘पण सर, उरलेले १० लाख बँकेत ठेवले तर?’ असं एकानं समासात लिहिलंय. बाळा, ज्या दरानं आपण आजचं मूल्य काढलं, तेवढाच परतावा त्या १० लाखांवर मिळाला तरी भर शून्य. त्यांचा पीआय एक धर. आता संपूर्ण कोटीचा निर्देशांक काढ. फर्नेसचे ८४, सोलरचे ३३, पडून राहिलेले १०, बेरीज १२७. म्हणजे १.२७. दुसऱ्या बाजूला साडेसहासष्ट आणि पासष्ट, १.३१५. तुलना एकेका प्रस्तावाच्या पीआयची नसते, संपूर्ण थैलीच्या पीआयची असते, आणि पडून राहिलेला रुपयाही त्या थैलीतच असतो.

आता तुकडेवाल्या टोळीचा ३७.२ लाखांचा आकडा मी फाडून का टाकला नाही ते ऐका. तो उत्तर नाही, पण छत आहे. तुकडे करायची मुभा असतानाही जे साधत नाही, ते मुभा नसताना साधणार कसं? कुणाचं उत्तर ३७.२ च्या वर गेलं असेल तर त्यानं समजावं की आपण मर्यादा मोडली. तिघांनी साडेचाळीस लाख लिहिलेत. फर्नेस अधिक सँड प्लांट, खर्च १ कोटी १० लाख! पडताळा घेतला असता तर तिथल्या तिथे पकडले गेले असते.

पण त्या साडेचाळीसमध्ये एक गोष्ट दडलेली आहे, जी एकाही पेपरात नाही. मर्यादा १० लाखांनी वाढली तर भर साडेएकतीसवरून साडेचाळीसवर जाते. १० लाखांसाठी ९ लाख! मालकाला हे सांगणारा माणूस फाउंड्रीला हवा असतो. फर्नेसचा शेवटचा १० लाखांचा हप्ता पुढच्या वर्षी घ्या म्हणून पुरवठादाराशी बोलावं, थोडं महाग का होईना कर्ज काढावं. त्या सवलतीचा जादा बोजा आजच्या मूल्यात ९ लाखांच्या आत राहिला, तरी मालक फायद्यात. आणि ५ लाखच वाढवून मिळाले तर? काहीही नाही. १ कोटी ५ लाखांत उत्तर तेच, साडेएकतीस. अविभाज्य प्रस्तावांत फायदा उडी मारतो, सरकत नाही. मर्यादा ही देवानं घातलेली नसते, ती कुणीतरी टेबलावर बसून ठरवलेली असते. ती केवढ्याला पडते हे न सांगता यादी पुढे सरकवणारा माणूस नुसता कारकून.

पेपर घ्या आता. सोमवारी प्रत्येकानं हाच प्रश्न पुन्हा सोडवून आणायचा, फक्त सोलरचा खर्च ४० लाख आणि आवक ४६ लाख धरायची. सहाच्या सहा जोड्या, प्रत्येक जोडीचा खर्च, पडून राहिलेली रक्कम, भर, आणि शेवटी छताचा आकडा. थैली पूर्ण भरली की उत्तर आपोआप बरोबर येतं असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी हे गणित मुद्दाम निवडलंय. ज्याच्या वहीत नुसती उतरती यादी दिसेल, त्यानं वही टेबलावर ठेवून बाहेर जायचं.