वीस रुपयांची खोली

पावसाळा तोंडावर आला की म्हाडाचं इमारत दुरुस्ती मंडळ मुंबई शहरातल्या अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. सकाळी चहासोबत ती वाचताना गिरगाव, काळबादेवी, डोंगरी, माझगाव अशी सगळी ओळखीची नावं भेटतात. ज्या शहरात हातभर जागेसाठी माणसं आयुष्यभराचं कर्ज काढतात, त्याच शहराच्या ऐन मध्यात इमारती लाकडी टेकूंवर कशा उभ्या राहतात? घरमालकांचा हावरटपणा, म्हाडाची दिरंगाई, भाडेकरूंचा हट्ट ही उत्तरं आपण नेहमी ऐकतो. त्यांत तथ्यही आहे. पण मला वाटतं, मूळ याहून साधं आहे, आणि ते भाड्याच्या पावतीवर लिहिलेलं आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसांचे लोंढे आले, पाठोपाठ फाळणीचे निर्वासित आले. घरं तेवढीच होती. मालक भाडं वाढवत होते, न देणाऱ्याला रस्त्यावर काढत होते. अशा वेळी सरकारने भाड्याला लगाम घालणं स्वाभाविकच होतं. पहिल्या महायुद्धातही १९१८ साली तसा कायदा झाला होता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने असं ठरवलं की, १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचं जे भाडं होतं, तेच तिचं प्रमाण भाडं. त्या दिवशी जागा भाड्याने दिलेली नसेल, तर त्याआधी शेवटचं किंवा त्यानंतर पहिलं घेतलेलं भाडं धरायचं. शिवाय ठरावीक कारणांखेरीज भाडेकरूला काढता येणार नाही. कायदा तात्पुरता होता. मात्र त्याला पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळत गेली आणि तो अर्धशतक टिकला.

आता एक चाळ डोळ्यांसमोर आणू. तीन मजले, चाळीस खोल्या, १९४० साली प्रत्येकीचं भाडं वीस रुपये. महिन्याला आठशे रुपये गोळा होत. त्यातून झाडूवाला, मेहता, पावसाळ्याआधीची कौलं, जिन्याची एखादी पायरी, पाच-सात वर्षांनी रंग असा खर्च भागून मालकाच्या हाती काही उरे. चाळ नीट ठेवण्यात त्याचा फायदा होता, कारण नीट चाळीला चांगला भाडेकरू मिळे. पुढे धान्य, लाकूड, चुना, सिमेंट, गवंड्याची मजुरी सगळं वाढत गेलं. वीस रुपये मात्र वीसच राहिले. वाढलेला पालिका कर आणि दुरुस्तीचा उपकर भाडेकरूकडून घेता येई, हे खरं. पण घराची निगा राखायला जे पैसे लागतात, ते भाड्याच्या आकड्यातच अडकले होते.

२००० साली महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि दरवर्षी चार टक्के वाढ मान्य झाली. वाढ कशावर, तर त्या जुन्याच आकड्यावर. पंचवीस वर्षं चक्रवाढीने चार-चार टक्के चढवले तरी आपल्या खोलीचं भाडं साठ रुपयांच्या आतच राहतं. चाळीस खोल्यांचे मिळून दोन-सव्वादोन हजार. एवढ्यात एक गवंडी आणि त्याच्या हाताखालचा बिगारी जेमतेम एक-दोन दिवस येतील.

मग चाळ कशी खचते? सुरुवात छपरापासून होते. फुटलेली कौलं बदलायची राहतात, पन्हळीत माती साचते, तिथे पिंपळ रुजतो. पाणी भिंतीत शिरतं आणि सागवानी तुळईचं जे टोक भिंतीत बसवलेलं असतं, ते वर्षानुवर्षं ओलं राहतं. तुळई बाहेरून धडधाकट दिसते, आतून मात्र त्या टोकाशी तिचा भुगा होत असतो. त्यात वाळवी लागते. इकडे कुटुंब वाढलेलं असतं, म्हणून खोलीत पोटमाळा चढतो, नहाणी आत येते, जमिनीवर जड लाद्या बसतात. कमकुवत झालेल्या तुळईवर नवं ओझं आणि नवा ओलावा, दोन्ही एकदम. जाणता मिस्त्री काही गोष्टी आधी पाहतो: एरवी नीट लागणारा दरवाजा अचानक घासायला लागला का, फरशी एका बाजूला उतरली का, गिलाव्याची भेग बुजवूनही पुन्हा त्याच जागी येते का. तुळईच्या टोकात टोच्या सहज घुसला, की तो टेकू मागवतो. बहुतेक ठिकाणी हा टेकू तात्पुरता म्हणून लागतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

अशा चाळीतल्या एखाद्या खोलीत शिरलात तर आत चकचकीत फरशी, छान ओटा, नीटनेटकं कपाट दिसेल. उंबऱ्याबाहेर जिन्याचा कठडा मोडलेला, सामायिक संडासाच्या पाइपातून गळती. एकाच घरातली माणसं उंबऱ्याच्या आत स्वच्छ आणि बाहेर बेफिकीर असतात, असं नाही. आतल्या खर्चाचा उपयोग त्यांना होतो. बाहेरचं छप्पर, जिना, तुळया मालकाच्या, आणि मालकाला त्यातून काहीच मिळत नाही. त्यामुळे घराचा जो भाग सगळ्यांना तोलून धरतो, नेमका तोच कुणाचा राहत नाही. भाडं कागदावर थांबवता येतं, लाकडाचं कुजणं थांबत नाही. भाडं वर जाऊ दिलं नाही, तेव्हा खोलीच हळूहळू त्या भाड्याच्या लायकीची होत गेली.

सरकारला हे दिसत नव्हतं, असंही नाही. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ नेमलं आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. अशा इमारती १९,६४२ होत्या, आणि त्यांतल्या सोळा हजारांहून अधिक सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. मात्र या दुरुस्तीलाही चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा होती. भाड्यातून जे येत नव्हतं, ते उपकरातून पुरेसं येईना. २०१७ च्या ऑगस्टमध्ये भेंडीबाजारातली हुसेनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली. प्रत्येक इमारतीच्या पडण्याला तिची स्वतःची कारणं असतात. सगळा दोष एका कायद्यावर टाकणं अन्यायाचं होईल. पण ज्या इमारतीत कुणी पैसे घालायला तयार नाही, तिच्यात बाकीची सगळी कारणं लवकर जमा होतात.

याच कायद्याने वाढवलेली घरांची टंचाई याहून कमी दिसते, कारण न बांधलेलं घर कुणाच्या डोळ्यांत येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाती पैसा असलेला व्यापारी चाळ बांधे आणि भाड्यावर जगे. ही एक साधी गुंतवणूक होती. १९४७ नंतर नव्या जागेचं भाडंही पहिल्या भाड्यापाशी थांबण्याची आणि भाडेकरू कधीच न निघण्याची भीती आली. मग भाड्यासाठी कोण बांधणार? बांधणारे विकायला लागले. ओनरशिप फ्लॅट ही आपल्या मध्यमवर्गाची ओळख अशा काळात घडली आणि १९६३ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. ज्याच्याकडे एकरकमी पैसे होते, त्याची सोय झाली. ज्याच्याकडे फक्त महिन्याचा पगार होता, त्याच्यासाठी नवी चाळ कुणी बांधलीच नाही. तो झोपडपट्टीत गेला किंवा विरार-डोंबिवलीला. जमिनीचे कायदे आणि चटईक्षेत्राचे नियम यांचाही यात मोठा हात आहे. तरीही देशाच्या शहरांत भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं आणि २०११ मध्ये ते २८ टक्क्यांवर आलं, हा आकडा मला स्वस्थ बसू देत नाही.

आणि ज्या जुन्या खोल्या होत्या, त्या तरी मोकळ्या होत होत्या का? वीस रुपयांची खोली सोडतो कोण? मुलगा बोरिवलीला स्वतःच्या घरात गेला तरी पावती वडिलांच्या नावावर चालू राही, दाराला कुलूप असे. खोली सोडायचीच झाली, तर पागडी घेऊन. खरा भाव असा चोरवाटेने आत आला. तो एकदम रोख मागितला जाई, म्हणून गावाहून नव्याने आलेल्या माणसाला तो झेपत नसे. जातीचा, नात्याचा, ओळखीचा असेल त्यालाच खोलीचा पत्ता लागे. भाडं ठरवण्याचा हक्क बाजाराकडून काढून घेतला, पण खोली कुणाला मिळेल हे ठरवण्याचं काम उरलंच, आणि ते ओळखीने आणि रोकडीने केलं.

१९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जागेत असलेल्या लायसन्सधारकांना संरक्षित भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्या दिवशी ज्यांना तो मिळाला, त्यांना दिलासा वाटला असणारच. पण घर असलेल्या प्रत्येकाने त्यातून एक गोष्ट मनात पक्की केली: जागा दिली की जागा गेली. आता कायदा बदलला आहे. लायसन्सची मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याची वाट आहे. तरी करार अकरा महिन्यांचाच करण्याची सवय सुटत नाही आणि कित्येक घरं कुलूपबंदच राहतात. एकदा बसलेली भीती नव्या कलमाने लगेच निघत नाही.

१९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, भाडं असं गोठवून ठेवणं काळाच्या ओघात अवाजवी ठरलं आहे. तरी आज भाडं एकदम मोकळं करा, असं मी म्हणणार नाही. कित्येकांनी पागडीपायी घरातलं सोनं विकलं आहे. त्यांच्या दृष्टीने ती खोली विकतच घेतलेली आहे. पेन्शनवर जगणाऱ्या एकट्या आजीला बाजारभावाचं भाडं कुठून परवडणार? त्यांना काढून टाकण्याविरुद्धचं संरक्षण राहायलाच हवं. मात्र भाड्याचा एक भाग दुरुस्तीच्या खऱ्या खर्चाशी बांधावा, तो वेगळ्या खात्यात ठेवावा, आणि ज्या आजीला तो देणं शक्य नाही, तिच्या वाट्याचा सरकारने द्यावा. मदत कुणाला, किती आणि कुणाच्या पैशातून, हे मग उघड दिसेल. आजवर ती मदत एकट्या मालकाकडून घेतली गेली, आणि मालकाने ती छपरातून वजा केली.

सध्या वाट पुनर्विकासाची आहे. जादा चटईक्षेत्र मिळतं, जुन्या भाडेकरूंना नवी घरं फुकट मिळतात आणि सगळा खर्च वरच्या मजल्यांवर घर विकत घेणाऱ्यांकडून निघतो. ऐंशी वर्षं न आलेलं भाडं अशा रीतीने नवे गिऱ्हाईक एकरकमी भरतात. प्लॉट मोठा आणि विक्रीला भाव असेल, तिथे हे जुळतं. अरुंद गल्लीतली, दोन्ही बाजूंनी शेजारच्या भिंतींना टेकलेली छोटी इमारत कुठल्याच बिल्डरच्या हिशेबात बसत नाही. पुढच्या वर्षीच्या यादीत बहुधा तिचंच नाव असेल.