रूप आणि चालचलन

कॅन्सरची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की लगेच ओळखू येत असणार, असा सर्वसाधारण समज आहे. वाईट पेशी वाईटच दिसणार, असे आपण गृहीत धरतो, आणि पुष्कळदा ती तशी दिसतेही. पण पॅथॉलॉजिस्ट अहवालावर सही करतो तेव्हा त्याचा निर्णय केवळ पेशीच्या चेहऱ्यावर ठरलेला नसतो. ही पेशी दिसते कशी, याहून ती गेली कुठे, हा प्रश्न मोठा असतो. रूप आणि चालचलन यांत गफलत झाली तर निदान चुकते. हे समजून घ्यायला तोंडाच्या कॅन्सरइतके चांगले उदाहरण नाही. तंबाखूमुळे तो आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, आणि गालाच्या आतले अस्तर इतके शिस्तबद्ध असते की तिथली बेशिस्त चटकन नजरेत भरते.

समजा, पंचेचाळिशीतला एक माणूस वर्षानुवर्षे डाव्या गालात तंबाखू-चुना धरतो. तिथे पांढरा चट्टा आहे आणि त्याच्या मधोमध न भरणारी जखम. डॉक्टर चट्ट्याच्या कडेपासून जखमेपर्यंतचा छोटा तुकडा काढून फॉर्मालिनमध्ये टाकतात. प्रयोगशाळेत तो मेणात बसवला जातो आणि मायक्रोटोमवर त्याचे साधारण ४ मायक्रॉन जाडीचे काप घेतले जातात, म्हणजे एका मिलिमीटरमधून जवळजवळ २५० काप निघतील इतके पातळ. असा काप काचेवर घेतला तर त्यात पाहण्यासारखे काहीच नसते, कारण रंगाशिवाय सगळेच पारदर्शक असते. म्हणून दोन रंग चढवायचे. हिमॅटॉक्सिलिन हे मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळते. तुरटीतल्या अॅल्युमिनियमशी जोडले गेले की त्याच्यावर धन भार येतो आणि ते केंद्रकातल्या डीएनएला चिकटून निळेजांभळे दिसते. इओसिन हा प्रयोगशाळेत तयार केलेला ऋण भाराचा रंग. तो प्रथिनांना धरतो, त्यामुळे पेशीद्रव, केराटिन, स्नायू आणि तंतू गुलाबी होतात. १८७०च्या दशकात ही जोडी जमली, आणि आजही जगभरच्या बायोप्सी आधी याच दोन रंगांत पाहिल्या जातात. या रंगांना कॅन्सर कळत नाही. ते फक्त केंद्रक आणि भोवतीचा पसारा वेगळा करून दाखवतात, अर्थ पाहणाऱ्याने लावायचा.

आता ही काच लो पॉवरवर पाहू. चट्ट्यापासून दूरच्या भागात अस्तर निरोगी आहे. तळाशी लहान, गडद केंद्रकांच्या पेशींची एक ओळ, सगळ्या उभ्या. नवीन पेशी तिथेच जन्मतात. वर सरकताना त्या रुंद आणि गुलाबी होत जातात, केंद्रक लहान होत जाते आणि पृष्ठभागाशी त्या चपट्या होऊन गळतात. चट्ट्याकडे सरकले की हा क्रम मोडतो. अस्तराच्या मध्यापर्यंत आणि त्याहीवर तळाच्या पेशींसारख्याच पेशी दिसतात. उभ्या, आडव्या, तिरप्या, कुणाची दिशा कुणाशी जुळत नाही.

हाय पॉवर लावला की एकेका पेशीचे रूप समोर येते. केंद्रकाने पेशीचा बराचसा भाग व्यापलेला आहे आणि पेशीद्रवाची नुसती कड उरली आहे. शेजारशेजारच्या दोन पेशींची केंद्रके आकाराने दुप्पट-तिप्पट वेगळी आहेत. त्यांचा रंग अति गडद आहे, कारण आत डीएनए जास्त आहे. त्याचे पुंजके ओबडधोबड आहेत, केंद्रकाची कड खाचाखोचांची आहे आणि आत ठळक केंद्रिका दिसते. विभाजन फक्त तळाशी दिसायला हवे, ते वरच्या थरांतही चालू आहे. एका पेशीत तर गुणसूत्रे दोन टोकांकडे जाण्याऐवजी तीन टोकांकडे ओढली गेली आहेत. सरळ वाटणी करणाऱ्या पेशीला हे शोभत नाही.

एवढे पाहिल्यावर कुणीही म्हणेल, हा कॅन्सरच. पण अजून तसे म्हणता येत नाही. ही सगळी गडबड अस्तराच्या आतच असेल तर तिला डिसप्लेसिया म्हणतात. बिघाड खालच्या तिसऱ्या हिश्श्यात असेल तर सौम्य, मधल्या हिश्श्यापर्यंत गेला तर मध्यम आणि त्याच्याही वर गेला तर तीव्र. या भेदामागे भक्कम कारण आहे. अस्तरात रक्तवाहिन्या नसतात, लसिकावाहिन्याही नसतात. त्या सगळ्या अस्तराखालच्या ऊतीत असतात, आणि दोहोंच्या मध्ये आधारपटल नावाचा अगदी पातळ पडदा असतो. पेशी कितीही बिघडलेली असली तरी पडद्याच्या वर आहे तोवर तिला मानेतल्या गाठीपर्यंत जायला वाट नाही. ती उद्या खाली उतरू शकते, म्हणून चट्ट्यावर उपचार करायचे आणि रुग्णावर नजर ठेवायची. पण ती आज उतरलेली नाही.

पडदा ओलांडला की नाही, म्हणजे इन्व्हेजन झाले की नाही, हे ठरवणे हेच खरे काम. गंमत अशी की या दोन रंगांत तो पडदा नीट दिसतच नाही. त्यामुळे तो मोडल्याचा पुरावा आजूबाजूच्या खुणांवरून गोळा करावा लागतो. आपल्या रुग्णाच्या काचेवर जखमेखाली पेशींची लहान-मोठी बेटे दिसतात. त्यांच्या कडा टोकदार आणि वेड्यावाकड्या आहेत. काही ठिकाणी तीन-चार पेशींचे पुंजके, तर काही ठिकाणी एकटी पेशी मूळ अस्तरापासून सुटून खोल गेली आहे. बेटांच्या मध्यभागी गुलाबी केराटिनचे कांद्यासारखे गोल थर आहेत. केराटिनची जागा पृष्ठभागावर असते, त्यामुळे ते इतक्या खोलवर सापडले की संशय बळावतो. या बेटांभोवतीची ऊतीही स्वस्थ राहिलेली नाही. तिथे नवे, फिकट, निळसर झाक असलेले तंतू जमले आहेत आणि लिम्फोसाइटची गर्दी आहे. गालाच्या स्नायूचे गुलाबी धागे पेशींनी एकमेकांपासून दूर सारले आहेत. आता मात्र शंका उरत नाही. हा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आहे.

मग खोलवर दिसणारे प्रत्येक बेट गुन्हेगार मानायचे का? इथेच नवशिक्या फसतो. अस्तराची मुळे खाली बोटांसारखी उतरलेली असतात. तुकडा मेणात तिरका बसला तर त्या बोटांचे आडवे छेद मिळतात आणि ती सुटी बेटे वाटतात. जुनी जखम किंवा कँडिडाची बुरशी असेल तर निरुपद्रवी अस्तरही लांबलचक मुळे सोडते. जखमेच्या कडेच्या पेशी भरून येण्याच्या घाईत असतात, म्हणून त्यांची केंद्रके मोठी आणि केंद्रिका ठळक होतात. रेडिएशन झालेल्या ऊतीत तर साध्या तंतुपेशीही अक्राळविक्राळ दिसतात. अशा वेळी मेणाच्या ब्लॉकमधून आणखी खोलचे काप मागवायचे. बेटे पुढच्या कापांत मूळ अस्तराला जाऊन मिळाली, त्यांच्या कडा गुळगुळीत असल्या, भोवतीची ऊती शांत असली आणि विभाजने सरळ असली, तर भीतीचे कारण नाही. इथे रूप भेसूर आहे, पण चालचलन सरळ आहे.

याच्या नेमके उलट उदाहरणही तोंडातच सापडते. लॉरेन अकरमन या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९४८ मध्ये व्हेरुकस कार्सिनोमाचे वर्णन केले. तंबाखू चघळणाऱ्यांत तो दिसतो. वरून फुलकोबीसारखी वाढ, आणि आत पाहावे तर पेशी अगदी सज्जन: केंद्रके एकसारखी, विभाजने थोडी आणि तीही तळाशी. वरवरचा तुकडा आला तर पॅथॉलॉजिस्टला जाड झालेल्या अस्तरापलीकडे काहीच सांगता येत नाही. या कॅन्सरची पेशी एकेकटी सुटत नाही, रुंद आघाडी करून ती खालच्या ऊतीला रेटत जाते. ते ओळखायला कडेचे निरोगी अस्तर आणि वाढीचा तळ दोन्ही एकाच तुकड्यात हवेत, म्हणजे तळ शेजारच्या पातळीपेक्षा किती खाली गेला ते दिसते. मानेत पसरण्याचे प्रमाण अत्यल्प, पण जागच्या जागी तो गाल, अगदी हाडही पोखरू शकतो.

थायरॉइडमध्ये हे आणखी स्पष्ट होते. फॉलिक्युलर गाठ साधी आहे की कॅन्सरची, हे तिच्या पेशींवरून सांगता येत नाही, दोन्हींत त्या सारख्याच दिसू शकतात. गाठीभोवतीचे तंतूंचे वेष्टण पेशींनी आरपार भेदले आहे किंवा त्या रक्तवाहिनीत शिरल्या आहेत, हे दिसले तरच तो कॅन्सर. म्हणूनच सुई घालून काढलेल्या पेशींवर हा निकाल लागत नाही. गाठ काढून तिच्या वेष्टणाची कड नीट तपासावी लागते.

चालचलनाचा हा प्रश्न निदानाशी संपत नाही. आपल्या रुग्णाची शस्त्रक्रिया झाल्यावर काढलेल्या भागात ती पेशी किती खोल गेली, हेही मोजले जाते. शेजारच्या निरोगी अस्तराच्या आधारपटलाची रेषा कल्पनेने पुढे ओढायची आणि तिथून ट्यूमरच्या सर्वांत खोल टोकापर्यंत सरळ ओळंबा सोडायचा. वर आलेली वाढ यात धरायची नाही. ट्यूमर पृष्ठभागावर २ सेंटिमीटरपेक्षा लहान असला तरी ही खोली ५ मिलिमीटरच्या पुढे गेली, तर सध्याच्या वर्गीकरणात तो पहिल्या गटातून दुसऱ्या गटात जातो. खोली वाढते तशी मानेतल्या गाठींत छुपा कॅन्सर असण्याची शक्यता वाढते. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने २०१५ मध्ये एक महत्त्वाची चाचणी प्रसिद्ध केली. त्यातल्या रुग्णांचा तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यातला होता. तोंडातल्या शस्त्रक्रियेच्या वेळीच मानेतल्या गाठीही काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसल्यावर काढू म्हणून थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. साध्या डोळ्यांना मान निर्दोष दिसत होती, तरी काहींच्या पेशी आधीच निघून गेल्या होत्या.

या तपासणीची मर्यादाही यातूनच येते. फॉर्मालिनने पेशी एका क्षणी थिजवलेली असते आणि आपण तिच्या हालचालीबद्दल बोलत असतो. पडदा ओलांडल्याचे पॅथॉलॉजिस्टने पाहिलेले नसते, त्याला ओलांडल्याच्या खुणा दिसतात. तुकडा चिमट्यात चिरडला तर केंद्रकांचे निळे फराटे होतात आणि त्यांवर कोणताच निर्णय देता येत नाही. तुकडा फॉर्मालिनऐवजी सलाइनमध्ये आला तर पेशी विरघळू लागतात. डिसप्लेसिया मध्यम की तीव्र, यावर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचेही मत वेगळे पडू शकते.

तेव्हा बायोप्सीच्या अहवालात ‘या तुकड्यात इन्व्हेजन दिसत नाही’ असे लिहिले असेल, तर त्यातला ‘या तुकड्यात’ हा भाग वगळून वाचू नका. तोंडातली जखम भरत नसेल, चट्टा वाढत असेल आणि डॉक्टर पुन्हा, अधिक खोल बायोप्सी सुचवत असतील, तर पहिला अहवाल चांगला आला होता म्हणून ती टाळू नका. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घ्यायचे असेल तर त्याच्याकडे नुसता कागद नेऊन भागत नाही, मेणाचा ब्लॉक आणि काचाही न्याव्या लागतात. प्रयोगशाळेकडून दोन्ही मागून घ्या.