परतीच्या वाटेवरचा इंद्र

छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायातली इंद्र-विरोचनाची कथा आज सावकाश पाहू. पुस्तक मिटून बाजूला ठेवा.

आत्म्याला जरा नाही, मृत्यू नाही, शोक नाही, भूक-तहान नाही. तोच शोधावा, तोच जाणावा, असं प्रजापती सांगतो. हे मनात धरून ठेवा, पुढे लागेल. ते ऐकून देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन हातात समिधा घेऊन येतात. 32 वर्षं ब्रह्मचर्यानं राहतात. मग कुठे प्रजापती विचारतो, कशाच्या इच्छेनं राहिलात?

डोळ्यात जो पुरुष दिसतो तो आत्मा, असं तो सांगतो. दोघे लगेच विचारतात, मग पाण्यात आणि आरशात दिसतो तो कोण?

इथे थांबा. गुरू पाहणाऱ्याविषयी बोलला आणि शिष्यांनी प्रतिबिंब धरलं, असा शंकराचार्यांचा उलगडा आहे. पण प्रजापती त्यांची चूक काढत नाही. पाण्याच्या परळात स्वतःला पाहा, म्हणतो, आणि जे कळणार नाही ते मला विचारा. पुढे नटूनथटून पुन्हा पाहायला लावतो. दोघे काहीच विचारत नाहीत, समाधानानं निघतात. न समजताच चालले, असं प्रजापती त्यांच्या पाठीमागे म्हणतो. हाक मात्र मारत नाही. मला हे कठोर वाटतं. तुम्हाला काय वाटतं, ते क्षणभर पाहा.

विरोचन घरी पोचतो आणि देहाचीच पूजा शिकवू लागतो. इंद्र वाटेतच अडखळतो. देह सजला की प्रतिबिंब सजतं. मग देह आंधळा झाला तर तेही आंधळं होणार, देह गेला की तेही जाणार. मघाचं वाक्य आठवा: त्यात मृत्यू नव्हता. गुरूच्याच शब्दांनी इंद्र गुरूचं उत्तर तपासतोय. तो समिधा घेऊन परततो.

आणखी 32 वर्षं. आता स्वप्नात हिंडणारा तो आत्मा. तो देहाबरोबर लंगडा होत नाही, पण स्वप्नात कुणी पाठलाग केला की रडतो. म्हणजे शोक आहेच. इंद्र परततो. पुन्हा 32 वर्षं, आणि उत्तर गाढ झोपेचं.

आता कालची तुमची झोप आठवून पाहा. तिथे भीती नव्हती, शोक नव्हता, भूकही जाणवली नाही. यादीतलं बरंचसं जुळतं, तरी इंद्राचं समाधान होत नाही. तिथे ‘हा मी’ एवढंही कळत नाही, जणू नाशच झाला, अशी त्याची तक्रार आहे. यादीत ‘जाणीव हवी’ असं कलम नव्हतं. मग ही कसोटी त्यानं कुठून आणली? प्रजापतीनं ‘जाणावा’ म्हटलं होतं त्यातून, की 96 वर्षं प्रश्न सोबत बाळगल्यातून?

प्रजापती ती तक्रार मान्य करतो आणि आणखी फक्त 5 वर्षं राहायला सांगतो.