साडेअकरा आणि साडेचार

दिवाळी अंकाचं काम जुलैत सुरू होतं आणि त्याबरोबर मेलचा ओघही. लेखकाचा लेख येतो, दोन तासांनी ‘कृपया आधीची प्रत वापरू नये’ म्हणून त्याच लेखाची दुसरी प्रत येते. चित्रकार रेखाटनं पाठवतात, जाहिरातदार पानाचं माप विचारतात, मुद्रितशोधक एका शब्दाच्या ऱ्हस्व-दीर्घावर अडून बसलेले असतात. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये माझ्या इनबॉक्समध्ये दोनशेच्या वर मेल पडून होते आणि त्यातले बहुतेक मी वाचलेले होते. आकड्यापेक्षा ही दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. दिवसातून पंचवीस-तीस वेळा मी इनबॉक्स उघडत होते. इतक्या वेळा उघडूनही ढीग तसाच राहतो, याचा अर्थ मी उघडून नक्की काय करत होते?

या प्रश्नाचं उत्तर मला रांगांच्या गणितात मिळालं. जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने 1961 साली एक साधा नियम सिद्ध केला. कुठल्याही रांगेत सरासरी किती जण उभे असतील हे दोनच गोष्टींवर ठरतं: किती वेगाने माणसं येतात आणि प्रत्येक जण सरासरी किती वेळ थांबतो. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे रांगेची लांबी. माझ्याकडे दिवसाला साधारण चाळीस मेल येत होते. इनबॉक्समध्ये दोनशे साठलेले असतील तर एकेक मेल सरासरी पाच दिवस मुक्काम करत होता. मी तो किती वेळा पाहिला याला या गुणाकारात जागाच नाही. सकाळी नजर टाकली, दुपारी पुन्हा वाचला, रात्री फोनवर परत उघडला, तरी मुक्काम हलला नव्हता, कारण त्याचं काय करायचं हे मी ठरवलंच नव्हतं.

आता तेच चाळीस मेल दिवसातून दोनदा, सकाळी साडेअकरा आणि दुपारी साडेचार या वेळांना, पूर्ण निकालात काढले तर काय होईल? साडेअकरानंतर आलेल्याला जास्तीत जास्त पाच तास थांबावं लागतं, साडेचारनंतर आलेल्याला एकोणीस. मेल दिवसभर सारख्या वेगाने येतात असं धरलं तर सरासरी मुक्काम आठ तासांचा, म्हणजे दिवसाचा एक तृतीयांश, भरतो. चाळीसचा एक तृतीयांश म्हणजे तेरा-चौदा. येणारे मेल एकानेही कमी न होता दोनशेचे तेरा होतात. मात्र ‘निकालात काढले’ या दोन शब्दांवर हे सगळं गणित उभं आहे. दोनदा नुसतं पाहिलं तर दोनशेचे दोनशेच राहतील.

म्हणून निकाल कसा लावायचा ते सांगते. गेल्या सप्टेंबरातल्या एका मंगळवारी साडेअकराला सत्तावीस मेल होते. आधी मी काहीही न उघडता फक्त नावं आणि विषय वरपासून खालपर्यंत वाचते. मेल थांबू दिल्याचा पहिला फायदा इथेच दिसतो. सकाळी साडेआठला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दहा वाजता दुसऱ्याच कुणीतरी दिलेलं असतं, आणि लेखाची जुनी प्रत नव्या प्रतीने रद्द झालेली असते. मी आठलाच जुनी प्रत उघडून वाचायला बसले असते तर ते वाचन वाया गेलं असतं. त्या सत्ताविसांपैकी चौदा असे निघाले की त्यांना उत्तर नको होतं: पोच, प्रसिद्धिपत्रकं, माहितीसाठी पाठवलेल्या प्रती. ते ‘अर्काइव्ह’ करून चार-पाच मिनिटांत समोरून गेले. आठांना दोन-चार ओळींत उत्तर देता आलं. तिघांच्या मागे खरं काम होतं. त्यातला एक चार हजार शब्दांचा लेख होता. तो वाचायला मी तिथेच बसले नाही. लेखकाला ‘लेख मिळाला, शुक्रवारपर्यंत कळवते’ असं लिहिलं, मेलला ‘काम’ हे लेबल लावून तो इनबॉक्समधून काढला आणि डायरीत गुरुवार सकाळच्या पानावर लेखाचं नाव टिपलं. सत्ताविसांतले उरलेले दोन दुसऱ्याच्या उत्तरावर अडले होते, ते ‘वाट’ या लेबलाखाली गेले. या सगळ्याला चाळीस मिनिटं लागली आणि इनबॉक्स रिकामा झाला.

काम संपलं होतं का? नाही, तो लेख वाचायचाच होता. पण तो आता पत्रपेटीत न राहता कामाच्या यादीत होता आणि त्याला वार मिळाला होता. पत्रपेटी आणि कामाची यादी एकच करून टाकली की नवं पत्र बघायला गेलेला माणूस प्रत्येक खेपेला सगळी जुनी कामं नजरेखालून घालून येतो. आणि त्यातलं एकही न करता परततो. माझी दमणूक यातूनच येत होती, असं आज मला स्पष्ट दिसतं.

वेळा ठरवताना सकाळी उठल्या उठल्या मेल बघायचा नाही एवढं पक्कं होतं, कारण साडेआठ ते अकरा हे माझे संपादनाचे तास. दोन वेळाच का, एक का नाही, हेही करून पाहिलं. दिवसातून एकदाच मेल बघितला तर साध्या प्रश्नोत्तरालाही दोन दिवस जातात आणि लोक अस्वस्थ होतात. दोन वेळा ठेवल्या की साडेअकराला विचारलेल्याचं उत्तर साडेचारला हातात येतं, आणि त्याच दिवशी छापखान्याला काही कळवायचं असेल तर तासभर शिल्लक असतो.

दुसरी एक गोष्ट मात्र मी योजली नव्हती. माझ्या मेलची भाषाच बदलली. पूर्वी एका लेखकाला मी लिहिलं होतं, ‘लेख थोडा कमी करता येईल का?’ त्यांनी लगेच विचारलं, किती? मी म्हटलं, तीनशे शब्द. त्यांनी विचारलं, कुठून? मी म्हटलं, तुम्हीच सुचवा. असं करत दुपारपर्यंत नऊ मेल झाले आणि दोघांचीही सकाळ गेली. पुढचा मेल पाच तासांनीच वाचला जाणार हे माहीत असलं की माणूस पूर्ण लिहितो. आता मी लिहिते, ‘लेखातले तीनशे शब्द कमी करावे लागतील. दुसऱ्या विभागातला प्रवासाचा भाग काढावा असं मला वाटतं. तुम्हाला मान्य असेल तर मी तसं करून प्रत पाठवते. नसेल तर कुठला भाग काढायचा ते बुधवारी दुपारपर्यंत कळवा.’ त्याला एकच उत्तर येतं. आपल्याला येणाऱ्या मेलमधला बराचसा भाग आपणच घाईने पाठवलेल्या अर्ध्या वाक्यांचा परतावा असतो, हे मला तेव्हा उमगलं. दोन महिन्यांत माझे रोजचे चाळीस मेल तिसाच्या आसपास आले.

मेल ही व्यवस्था मुळात थांबण्यासाठीच घडवलेली आहे, हेही सांगायला हवं. पत्र पोहोचवणारा सर्व्हर समोरचा सर्व्हर बंद दिसला तर पत्र टाकून देत नाही. ते जवळ ठेवतो आणि काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. या देवघेवीचे जे तांत्रिक नियम आहेत त्यांत दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धा तास असावा आणि चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नये अशी शिफारस आहे. ज्या यंत्रणेने पाच दिवसांचा धीर गृहीत धरला, तिच्याकडून पाच मिनिटांत उत्तर मिळावं ही अपेक्षा आपण फोनवरच्या सूचनांनी शिकलो.

या पद्धतीने मनावरचा ताण उतरतो का, याबद्दल मी जपून बोलेन. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात कोस्टाडिन कुश्लेव आणि एलिझाबेथ डन यांनी 124 जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायला सांगितलं आणि एक आठवडा हवं तितक्या वेळा. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात मर्यादेच्या आठवड्यात ताण कमी आढळला. पुढच्याच वर्षी ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचेरीत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. तिथे मेल एकगठ्ठा हाताळणाऱ्यांचा ताण कमी असल्याचा पुरावा मिळाला नाही. माझा अनुभव या दोन्हींच्या मध्ये बसतो. पहिले आठ-दहा दिवस मला जास्तच बेचैनी होती. ती ओसरली ती मेल न बघण्याची सवय झाल्यामुळे नव्हे. साडेअकराला सगळ्याचा निकाल लागतोच हा भरवसा बसला, तेव्हा ती गेली.

ही घडी कशी विस्कटते तेही पाहिलं. सर्वांत मोठं भोक ओटीपीचं आणि जुन्या जोडपत्राचं. सकाळी नऊला चित्रकाराला काही पाठवायचं म्हणून मेल उघडावा लागतो आणि समोर इनबॉक्स पसरलेला असतो. एकदा ठळक अक्षरातलं नाव दिसलं की बोट तिकडे जातंच. त्यावर मी ब्राउझरमध्ये हा पत्ता खूण करून ठेवला आहे. तो जीमेलची फक्त कोरी पत्राची खिडकी उघडतो, इनबॉक्स दाखवत नाही:

```
https://mail.google.com/mail/?view=cm&fs=1
```

फोनवरचा लाल आकडा आणि मेलच्या सूचना बंद केल्या. तरीही मधूनच डोकावणं होतं. ते झालं का, हे ओळखायला जीमेलच्या शोधपट्टीत एक ओळ टाकते:

```
in:inbox is:read older_than:1d
```

वाचलेले, पण दिवस उलटूनही इनबॉक्समध्येच असलेले मेल यात दिसतात. यादी रिकामी असेल तर घडी नीट आहे. सात-आठ मेल दिसले की त्या आठवड्यात मी निकाल न लावता नुसती वाचत होते, हे कळतं.

ज्यांचं कामच येणाऱ्या मेलला तत्काळ उत्तर देणं आहे, तक्रारखिडकीवर बसणारे किंवा तिकीट काढून देणारे, त्यांना हे जमणार नाही, आणि त्यांच्यावर ते लादूही नये. इतरांच्या बाबतीत एक अट आहे: घाईच्या कामाला वेगळी वाट ठेवली पाहिजे आणि ती सांगितली पाहिजे. पोस्टाच्या लाल पेटीवर पुढची पत्रं कधी काढली जाणार ते सांगणारी छोटी पत्र्याची पट्टी असते. माझ्या मेलच्या सहीखाली तशीच एक ओळ आहे: ‘मी मेल सकाळी 11.30 आणि दुपारी 4.30 ला बघते. त्याआधी हवं असल्यास फोन करावा.’ खाली नंबर. सुरुवातीला काहींनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मेल केलाय, बघा’ असं लिहायला सुरुवात केली. त्यांना मी प्रत्येक वेळी ‘साडेचारला बघते’ एवढंच उत्तर दिलं. महिन्याभरात ते थांबलं.

पहिल्या हंगामात, जुलै ते ऑक्टोबर, त्या नंबरवर घाईचे अकरा फोन आले. त्यातला एक सकाळी पावणेआठचा, छापखान्यातून. ‘ताई, सहाव्या फॉर्मातली जोडाक्षरं फुटलीत, यंत्र थांबवून ठेवलंय.’ मी फाइल उघडली, टंक नीट बसवून नवी पीडीएफ केली आणि सव्वाआठला त्यांना पाठवली. कोऱ्या पत्राच्या खिडकीतूनच. मग डायरीतला त्या दिवशीचा लेख काढून वाचायला बसले.