दहा ग्रॅम सोन्याचे तीन खर्च

सोने घ्यावे की नाही, हा वाद बाजूला ठेवू. घ्यायचे ठरले आहे, पण दागिना नको, असे म्हणणाऱ्या माणसासमोर आज मुख्यतः तीन वाटा आहेत: सराफाकडचे नाणे, शेअर बाजारात मिळणारे गोल्ड ईटीएफचे युनिट आणि मोबाइलवरच्या ॲपमधले डिजिटल सोने. तिन्हींचा भाव एकाच धातूला बांधलेला असल्यामुळे ती एकच वस्तू वाटतात. फरक पडतो तो खर्च कधी आणि कुठे द्यावा लागतो यात. म्हणून ‘सर्वांत स्वस्त कोणते’ असे विचारण्याआधी ‘किती वर्षे ठेवणार आणि शेवटी त्याचे काय करणार’ हे ठरवायला हवे.

हिशेबाच्या सोयीसाठी शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला दहा हजार रुपये धरू आणि तो अजिबात हलत नाही असे मानू. दहा ग्रॅमच्या नाण्यातले सोने एक लाखाचे. त्यावर घडणावळ दोन टक्के, म्हणजे दोन हजार. या १,०२,००० रुपयांवर तीन टक्के जीएसटी ३,०६० रुपये. नाणे हाती आले तेव्हा खिशातून १,०५,०६० रुपये गेलेले असतात. ते दुसऱ्या दिवशी विकायला नेले आणि सराफाने घट म्हणून दोन टक्के कापले, तर हाती ९८,००० येतात. गेलेल्या रकमेतले ७,०६० रुपये, म्हणजे पावणेसात टक्क्यांच्या आसपास, सोन्याच्या भावाशी काहीही संबंध नसताना संपले. जीएसटीची रक्कम विकताना परत मिळत नाही.

आता ईटीएफ. इथे युनिट घेताना जीएसटीचे तीन टक्के नाहीत, घडणावळ नाही. दलाली आणि विकतानाचे डीमॅट शुल्क लाखाच्या रकमेवर किरकोळ ठरते. पण फंड चालवण्याचा खर्च दर वर्षी वसूल होतो, आणि तो वेगळे बिल पाठवून नव्हे, तर फंडाच्या मालमत्तेतूनच. युनिटांची संख्या तेवढीच राहते, त्यामागचे सोने झिजत जाते. वर्षाला ०.८ टक्के खर्च धरला तर आजचे दहा ग्रॅम दहा वर्षांनी सुमारे सव्वानऊ ग्रॅम उरतात.

ही झीज घरबसल्या तपासता येते. भारतातला पहिला गोल्ड ईटीएफ, गोल्ड बीज, २००७ साली आला तेव्हा एक युनिट म्हणजे साधारण एक ग्रॅम असे गणित होते. २०१९मध्ये युनिटाचे शंभर भाग झाले. म्हणजे आजच्या युनिटाच्या एनएव्हीला शंभराने गुणले की ग्रॅमचा भाव यायला हवा. त्याच दिवशीच्या जीएसटीविरहित शुद्ध सोन्याच्या भावाशी तुलना केली तर तो साधारण पंधरा टक्के कमी भरतो. यात फसवणूक नाही. इतक्या वर्षांचा व्यवस्थापनखर्च एका आकड्यात दिसतो आहे, एवढेच.

दोन्ही हिशेब शेजारी ठेवले की चित्र उघड होते. नाण्याचा खर्च आत येताना आणि बाहेर जाताना, दोनदाच. ईटीएफचा खर्च दर वर्षी. वरचे आकडे धरले तर पावणेनऊ वर्षांच्या सुमाराला दोन्ही बरोबरीत येतात. फंडाचा खर्च अर्धा टक्का असेल तर ही सीमा जवळजवळ चौदा वर्षांवर जाते. म्हणून तीन-चार वर्षांत पैसे लागणार असतील तर नाणे घेणे मला निव्वळ महाग वाटते. उलट, वीस वर्षे हात लावायचा नसेल, तर ‘कागदी सोने नेहमीच स्वस्त’ हे सल्लागारांचे ठरलेले वाक्य टिकत नाही. अर्थात, केवळ या दहा ग्रॅमसाठी बँकेत लॉकर घेतला तर नाण्याची बाजू पहिल्या दोन-तीन वर्षांतच कोसळते. दागिन्यांसाठी लॉकर आधीपासून असेल, तरच तो खर्च शून्य धरता येतो.

नाण्याचा हिशेब वजनाबरोबर बदलतो, हेही लक्षात ठेवावे. एक ग्रॅमच्या नाण्यालाही छाप, पाकीट आणि प्रमाणपत्र लागते, त्यामुळे त्याची घडणावळ टक्केवारीत पुष्कळ जास्त पडते. गुरुपुष्यामृताला ग्रॅम-ग्रॅम घेणाऱ्यांनी सलग काही वर्षांच्या पावत्या एकत्र करून पाहाव्यात. जुन्या पद्धतीची वेढणी या बाबतीत शहाणपणाची होती: तार वळून केलेले साधे वळे, घडणावळ नाममात्र.

शुद्धतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने नाण्यालाच आहे. ९९५ आणि ९९९ यांतला फरक दहा ग्रॅममागे ०.०४ ग्रॅमचा, म्हणजे आपल्या भावाने चारशे रुपयांचा. तो पावतीवर लिहून घेतला की संपला. काही दुकानांत नाणी २२ कॅरटची, म्हणजे ९१६ची असतात, तेही आधी विचारावे. खरी अडचण परत विकताना येते. दुसऱ्या सराफाला तुमच्या नाण्याची खात्री नसते. एक्स-रेवर चालणारे यंत्र पृष्ठभागाचाच पातळ थर वाचते. टंगस्टनची घनता १९.२५ आणि सोन्याची १९.३२, इतकी जवळ, की आत टंगस्टन भरले तर वजन आणि आकारमानावरूनही पटकन संशय येत नाही. निर्विवाद उत्तर हवे तर नमुना वितळवून तपासावा लागतो, आणि त्याची किंमत विकणाराच देतो. त्यामुळे सीलबंद पाकीट फोडू नये, आणि हॉलमार्क असेल तर त्यातला सहा अक्षर-अंकी एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ ॲपवर ताडून पाहावा. नाण्यांना हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे हे संरक्षण प्रत्येक नाण्याला असेलच असे नाही. बँकेतून घेतलेल्या नाण्याचा भरवसा मोठा, पण बँक ते परत घेत नाही. ते शेवटी सराफाकडेच जाते आणि तिथे बँकेच्या नावाला जादा भाव नसतो.

ईटीएफमधले सोने किमान ९९५ शुद्धतेचे असावे लागते, ते कस्टोडियनच्या तिजोरीत असते आणि लेखापरीक्षक त्याची प्रत्यक्ष पडताळणी करतात. धारकाला ते कधी दिसत नाही, पण कसाचा वादही त्याच्या वाट्याला येत नाही. त्याने पाहायचे ते एवढेच, की बाजारातला भाव एनएव्हीपासून फार सरकलेला नाही ना. ज्या फंडात उलाढाल तुरळक, तिथे हा फरक खर्चाच्या टक्क्यालाही मागे टाकतो.

डिजिटल सोन्याबद्दल मात्र थोडक्यात सांगून पुढे जावे. दहा रुपयांतही घेता येते, हा त्याचा गुण. पण तीन टक्के जीएसटी इथे आहेच, खरेदी-विक्रीच्या भावांतही दोन-तीन टक्क्यांचे अंतर असते, आणि नाणे हातात मागितले तर घडणावळ व पोहोचवण्याचा खर्च वेगळा. नाण्याएवढा खर्च करूनही नाणे हाती नसते. शिवाय हा व्यवहार सेबीच्या नियमनाबाहेर आहे. तसा इशारा सेबीने ८ नोव्हेंबर २०२५ रोजी जाहीरपणे दिला. सरकारी सुवर्णरोख्यांवर अडीच टक्के व्याज होते, त्यामुळे ते सर्वांना मागे टाकत. पण फेब्रुवारी २०२४नंतर नवा रोखा आलेला नाही.

उरतो करांचा भाग. ईटीएफ बारा महिन्यांहून जास्त ठेवला की नफ्यावर साडेबारा टक्के. नाणे आणि डिजिटल सोन्याला हीच सवलत चोवीस महिन्यांनंतर. मुलीच्या लग्नात दागिनेच करायचे असतील तर हा फरक दुय्यम ठरतो. तेव्हा ईटीएफ विकून कर भरायचा आणि उरलेल्या पैशांतून पूर्ण भावाने, जीएसटीसह दागिना घ्यायचा. नाण्याच्या मोडीवरही कर लागतोच, पण अनेक सराफ स्वतःच्या नाण्यावर दागिना घेतल्यास घट कापत नाहीत. वरच्या हिशेबातले दोन हजार तिथे वाचतात. मात्र ही अट तोंडी न ठेवता खरेदीच्याच दिवशी पावतीवर लिहून घ्यावी.