स्वल्पविराम आधी, शब्द मागून

मंडीदीपच्या एका औषध कारखान्यात मागे एका लॉटचे २५ ड्रम आले. तपासणीसाठी त्यातले किती उघडायचे, याचा बऱ्याच कारखान्यांत चालणारा हिशेब म्हणजे √n + 1. पंचवीसचे वर्गमूळ पाच, अधिक एक, म्हणजे ६ ड्रम. स्टोअरवाल्यांनी सहा उघडले, नमुना घेतला, पुन्हा बंद केले. उरलेल्या १९ ड्रमांचे सील कुणी हातही न लावलेले. पण ऑडिटर आले तेव्हा पंचवीसच्या पंचवीस ड्रमांवर उघडल्याची तारीख लिहिलेली होती. सील शाबूत आणि वर उघडल्याची तारीख! औषधाच्या कामात ही किरकोळ चूक धरत नाहीत. एक नोंद खोटी निघाली की बाकीच्या नोंदींवरचा विश्वासही जातो.

कागदपत्रे तपासणे हेच माझे काम, म्हणून फाइल माझ्याकडे आली. एसओपीच्या जुन्या आवृत्तीत वाक्य होते : ‘कंटेनर्स व्हिच आर ओपन्ड फॉर सॅम्पलिंग शॅल कॅरी द डेट ऑफ ओपनिंग.’ नव्या आवृत्तीत शब्द तेच, फक्त दोन स्वल्पविराम वाढलेले : ‘कंटेनर्स, व्हिच आर ओपन्ड फॉर सॅम्पलिंग, शॅल कॅरी द डेट ऑफ ओपनिंग.’ पहिल्या वाक्यात ‘जे ड्रम उघडले, त्यांच्यावर तारीख घाला’ असे सांगितले आहे. दुसऱ्यात ‘ड्रमांवर तारीख घाला, ते सगळे उघडले जातातच’ असे. नव्या आवृत्तीवरून ज्याने कामगारांसाठी हिंदी पत्रक केले त्याने इमानदारीने लिहिले, ‘सभी ड्रम पर तारीख डालें’. त्याने इंग्रजी बरोबर वाचले होते.

मग स्वल्पविराम घातले कुणी? आवृत्ती करणाऱ्या मुलाने शांतपणे सांगितले, “मॅडम, कॉम्प्युटरने व्हिचखाली रेघ मारली. एक तर आधी स्वल्पविराम द्या, नाही तर दॅट करा, असं म्हणत होता. मी पहिला पर्याय घेतला. शाळेत आम्हाला शिकवलंच होतं, व्हिच आला की कॉमा.”

त्या मुलावर मला राग धरता येईना. राग आहे तो या शिकवणीवर. व्हिच दिसला की स्वल्पविराम, दॅट दिसला की नाही, असा नियम म्हणून जो आज शाळेत, कार्यालयात आणि पडद्यावर फिरतो, त्यात कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली आहे. अर्थ ठरतो स्वल्पविरामाने. शब्दाची निवड त्याच्या मागून येते, आणि तीही पुष्कळदा मर्जीची बाब असते.

शब्दांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण त्यात फारसा वाद नाही. इंग्रजीत संबंधी सर्वनाम म्हणून दॅट, व्हिच आणि हू या तिघांत दॅट सर्वांत जुना. व्हिच त्याच्यामागून रुळला आणि कर्त्याच्या जागी येणारा हू सगळ्यांत शेवटी स्थिरावला. १६११ च्या बायबलात देवबापालाही व्हिचच लावला आहे. म्हणजे माणसाला हू आणि वस्तूला व्हिच ही आज पाठ केली जाणारी वाटणी तेव्हा पक्की झालेली नव्हती. १७११ मध्ये लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ पत्रात हू आणि व्हिच यांच्या नावाने एक अर्ज छापून आला. त्यात तक्रार अशी, की दॅट नावाच्या उपऱ्याने आमची जागा बळकावली. उपरा कोण आणि मूळचा कोण, याचा तिथेच उलटा समज झालेला दिसतो. आजही ‘द ऑपरेटर दॅट’ लिहिले की लोक लाल शाई काढतात. माणसासाठी दॅट वापरणे चूक नाही. हू अधिक आपलेपणाचा वाटतो, म्हणून मीही तोच लिहिते. पण त्याला नियम म्हणायला माझी तयारी नाही.

आता स्वल्पविराम. सगळा गैरसमज इथे आहे, म्हणून इथे थांबायला हवे.

अठराव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत स्वल्पविराम श्वासाचे चिन्ह होता. वाचणारा मोठ्याने वाचणार, त्याने कुठे थांबावे आणि किती थांबावे, हे चिन्हाने सांगायचे. बिशप रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ च्या व्याकरणात हे संगीताच्या मात्रांसारखे मांडले : अर्धविराम स्वल्पविरामाच्या दुप्पट, अपूर्णविराम अर्धविरामाच्या दुप्पट, पूर्णविराम त्याच्याही दुप्पट. या हिशेबात गौण वाक्याच्या तोंडाशी थोडे थांबणे साहजिक होते. त्यामुळे ज्या वाक्यांशावाचून अर्थच पुरा होत नाही, त्याच्याआधीही त्या काळात सर्रास स्वल्पविराम मिळतो.

लिंडली मरे यांच्या १७९५ च्या व्याकरणात एक वेगळी गोष्टही स्पष्ट लिहिलेली आहे. सर्वसाधारणपणे संबंधी सर्वनामाच्या आधी स्वल्पविराम द्यावा. पण ते सर्वनाम मागच्या नामाचा व्यापक अर्थ आवळून एका विशिष्ट अर्थावर आणत असेल, तर देऊ नये. इथे प्रश्न श्वासाचा नाही. वाक्यांश नामाला आवळतो आहे, की त्याच्याविषयी जाता जाता आणखी काही सांगतो आहे, यावर स्वल्पविराम ठरतो. मरे यांचे व्याकरण इंग्रजी शिकणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. आणि या नियमात व्हिच की दॅट हा प्रश्नच नाही. दोन्ही शब्दांना तो सारखाच लागू होतो.

शब्दांची वाटणी यानंतर पुष्कळ काळाने आली. अलेक्झांडर बेन यांनी १८६३ मध्ये सुचवले, की आवळणाऱ्या वाक्यांशाला दॅट ठेवावा. फाउलर बंधूंनी १९०६ मध्ये तेच उचलले, आणि एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या कोशात त्याचा पुरस्कार केला. सगळे ज्यांचा दाखला देतात ते हेच फाउलर, आणि सगळे चुकीचे वाचतात तेही हेच. त्यांनी नियम घालून दिलेला नाही. लेखकांनी अशी वाटणी मान्य केली तर लेखनात स्पष्टता येईल, अशी इच्छा व्यक्त केली. आणि बहुसंख्य लेखक किंवा उत्तम लेखक आज असे लिहितात असे म्हणणे खोटे होईल, हेही लगोलग सांगितले. पुढे १९५९ मध्ये विल्यम स्ट्रंक यांच्या छोट्या पुस्तकाची ई. बी. व्हाइट यांनी नवी आवृत्ती काढली, तेव्हा ही इच्छा सल्ला बनली. अमेरिकी संपादकांनी त्या सल्ल्याचा नियम केला, आणि संगणकाने त्या नियमाची रेघ.

फाउलरांच्या इच्छेत खोट नव्हती. एकच अर्थ दोन खुणांनी सांगितला, एक चिन्हाने आणि एक शब्दाने, तर वाचणाऱ्याला आधार मिळतो. पण दुसरी खूण पहिलीला जोड म्हणून होती. आपण जोडीलाच मुख्य केले, आणि ‘शब्द व्हिच आहे, म्हणून स्वल्पविराम हवा’ असा उलटा न्याय लावू लागलो. त्या न्यायाने जुन्या वाक्यातला निर्दोष व्हिच दोषी ठरला, आणि तो सुधारताना सहाचे पंचवीस झाले.

मराठी माणसाच्या वाट्याला यात आणखी एक अडचण येते. मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्याआधी पोथीत दंड होता, मोडीत शब्दसुद्धा तोडत नसत. स्वल्पविराम आपल्याकडे आला आणि जो–तो च्या सांध्यावर बसला : ‘जे ड्रम उघडले, ते बाजूला ठेवा.’ हा सांध्याचा, श्वासाचा स्वल्पविराम आहे. अर्थ आवळण्याचे काम इथे जे आणि ते यांची जोडीच करते, चिन्हावर ती भार टाकत नाही. हीच सवय घेऊन आपण इंग्रजी लिहितो तेव्हा हातून उमटते : ‘द ड्रम्स व्हिच वेअर ओपन्ड, शॅल बी केप्ट असाइड.’ वाक्यांश संपला तिथे एकच स्वल्पविराम. मंडीदीपला माझ्यासमोर येणाऱ्या कागदांत ही चूक मला सगळ्यांत जास्त दिसते. इंग्रजीत हा एकटा स्वल्पविराम कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये येतो आणि वाक्य मोडतो. तिथे स्वल्पविराम जोडीने येतात, कंसासारखे, किंवा येतच नाहीत. वाक्यांश वाक्याच्या शेवटी असेल तर दुसऱ्याची जागा पूर्णविराम घेतो, एवढेच.

पण हीच मराठी कसोटीच्या कामी येते. इंग्रजी वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावे. ते ‘जे … ते’ मध्ये सहज बसले, तर इंग्रजीत स्वल्पविराम नको, मग शब्द व्हिच असो, दॅट असो, नाही तर हू असो. ते बसेना, आणि मराठीत दोन वेगळी वाक्ये करावीशी वाटली, तर दोन्ही बाजूंनी स्वल्पविराम हवेत. ‘माय मदर, हू लिव्ह्ज इन नागपूर, इज कमिंग’ हे आपण ‘जी आई नागपूरला असते, ती येते आहे’ असे कधीच म्हणणार नाही. आई एकच असते. आपण म्हणू, ‘आई नागपूरला असते, ती येते आहे.’ अशा जागी स्वल्पविरामांच्या आत दॅट चालत नाही. या तिघांबद्दलच्या ज्या थोड्या गोष्टींवर जाणकारांचे एकमत आहे, त्यातली ही एक. ‘ज्यातून’ म्हणताना फ्रॉम लगेच आधी आला, तर मात्र ‘फ्रॉम व्हिच’च लिहावे लागते, ‘फ्रॉम दॅट’ होत नाही. स्वल्पविराम नसलेल्या वाक्यांशातही व्हिच अगदी सुखाने राहतो, याचा हा पुरावा.

कसोटीला मर्यादा आहे, तीही ठाऊक असावी. ‘उघडलेल्या ड्रमांवर तारीख घाला’ असे धातुसाधिताने म्हटले तर मराठीही मोघम होते. ‘दमलेले पाहुणे झोपले’ यात सगळे झोपले की फक्त दमलेले, हे बोलताना आघातावरून कळते, कागदावर कळत नाही. म्हणून कसोटीसाठी जो–तो चे लांब वाक्यच म्हणावे, सुटसुटीत नव्हे. आणि इंग्रजी वाक्य एका चिन्हावर लटकत असेल, आणि ते पुढे हिंदीत, मराठीत, फलकावर, पत्रकावर जाणार असेल, तर चिन्हावर विसंबू नये. वाक्यच बदलावे.

आम्ही तेच केले. तिसऱ्या आवृत्तीत व्हिच नाही, दॅट नाही, स्वल्पविरामही नाही : ‘राइट द डेट ऑफ ओपनिंग ओन्ली ऑन कंटेनर्स ओपन्ड फॉर सॅम्पलिंग.’ हिंदी पत्रकात ‘सिर्फ़’ शब्द ठळक छापला. स्टोअरमधल्या दादांना मी ते वाचून दाखवले, आणि पुढचा पंचवीसचा लॉट आला तेव्हा मुद्दाम बघायला गेले. सहा ड्रमांवर ‘सॅम्पल्ड’ची पट्टी होती आणि पट्टीखाली तारीख. बाकी एकोणीस नुसतेच रांगेत उभे होते.